गिझर दिवसभर चालू असला तर युनिटं जातात कुठे? थर्मोस्टॅट आणि टायमरचा साधा हिशेब

डिसेंबर-जानेवारीचं वीजबिल हातात आलं की सोलापुरातल्या बऱ्याच घरांत एकच प्रश्न निघतो : पंखे बंद, कूलर माळ्यावर, मग युनिटं वाढली कशी? संशय गिझरवर जातो आणि तो बहुतेक वेळा खराच असतो. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास पहाटेचा गारठा चांगलाच जाणवतो, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी रात्रभरात थंडगार होतं आणि गिझरशिवाय अंघोळ नकोशी वाटते. आता स्मार्ट मीटर बसलेल्या घरांत कोणत्या वेळी किती वीज गेली हे मोबाइलवर दिसायला लागलंय, त्यामुळे दुपारी घरात कुणी नसताना अधूनमधून वीज कोण खातंय, असाही प्रश्न लोक विचारू लागलेत.

यावर दोन टोकाचे सल्ले मिळतात. कुणी म्हणतं गिझर चोवीस तास चालू ठेवा, पाणी गरम असलं की वीज कमी लागते. कुणी म्हणतं थर्मोस्टॅट खाली आणा, निम्मं बिल वाचेल. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि का ते समजायला थोडी बेरीज-वजाबाकी पुरते.

एक बादली गरम पाणी किती युनिटांना पडतं?

एक युनिट वीज ८६० लिटर पाणी एक अंशाने तापवते. गिझर कोणत्याही कंपनीचा असो, जुना असो की नवा, हा आकडा बदलत नाही, कारण बुडालेल्या कॉइलची सगळी उष्णता पाण्यातच उतरते.

आता अंघोळीची बादली घेऊ. बादलीत १८ लिटर पाणी, अंगावर घ्यायला चांगलं वाटेल असं ४० अंशांचं. थंडीत टाकीतून येणारं पाणी २० अंशांचं धरू. म्हणजे १८ लिटर पाणी २० अंशांनी तापवायचं. १८ गुणिले २० म्हणजे ३६०, भागिले ८६०. उत्तर ०.४२ युनिट. चौघांच्या चार बादल्यांना साधारण १.७ युनिट.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. गिझरमधलं पाणी ६० अंशांवर तापवलं तर बादलीत ९ लिटर गरम आणि ९ लिटर गार घ्यावं लागतं. ५० अंशांवर तापवलं तर १२ लिटर गरम आणि ६ लिटर गार. बादली दोन्हीकडे तीच, ४० अंशांची, आणि तिला लागलेली वीजही तीच ०.४२ युनिट. थर्मोस्टॅट खाली आणल्याने अंघोळीच्या पाण्याची वीज वाचत नाही. ती वाचवायची असेल तर कमी पाणी वापरावं लागेल किंवा कोमट पाण्यावर भागवावं लागेल. (शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर तीन-चार बादल्या सहज जातात, पण तो विषय वेगळा.)

थर्मोस्टॅट आणि टायमर जे वाचवतात ते वेगळंच आहे : तापवलेलं पण कुणीच न वापरलेलं पाणी.

न वापरलेल्या पाण्याची किंमत

गिझरची टाकी म्हणजे तळाला बारीक छिद्र असलेली बादली समजा. बादली जितकी वरपर्यंत भरलेली, तितकी छिद्रातून धार जोरात. पाणी खाली गेलं की धार मंदावते. गिझरमधून पाण्याऐवजी उष्णता गळते, पण नियम तोच. आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा जितकं जास्त गरम, तितकी गळती जास्त. चोवीस तास चालू असलेला गिझर म्हणजे गळकी बादली सतत काठोकाठ भरत राहणं.

ही गळती किती, ते गिझरवरच लिहिलेलं असतं. तारे असलेलं जे लेबल असतं त्यावर ‘स्टँडिंग लॉस’ असा एक आकडा दिलेला असतो. पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम ठेवलं आणि कुणी नळ उघडलाच नाही, तर चोवीस तासांत नुसतं गरम राखायला किती युनिट जातात, तो हा आकडा. आपण त्याला गळती म्हणू.

समजा १५ लिटरच्या गिझरवर ०.६ लिहिलंय. पाणी ६० अंश आणि बाथरूम २० अंश, म्हणजे फरक ४० चा. मग रोजची गळती ०.५३ युनिट, महिन्याला १६. हे चांगल्या गिझरचं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा २५ लिटरचा गिझर असेल, आतलं इन्सुलेशन बसून गेलेलं असेल आणि गळती १.३ असेल, तर त्याच तापमानाला महिन्याला ३५ युनिट जातील. त्याचंच बटण कुणी शेवटपर्यंत फिरवून पाणी ७५ अंशांवर नेलं असेल, तर ४८. ही सगळी युनिटं बाथरूमची भिंत आणि हवा तापवण्यात गेली.

बिलाच्या दृष्टीने एक भर. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिटं स्वस्त आणि त्यापुढची बरीच महाग असतात. तुमचा वापर महिन्याला १०० च्या वर असेल तर वाचलेलं प्रत्येक युनिट वरच्या महाग टप्प्यातलंच वाचतं. सगळे आकार धरून ते दहा रुपयांच्या वर जातं. हिशेब सोपा राहावा म्हणून पुढे दहाच धरलेत.

सगळ्यात मोठी गळती शेवटच्या अंघोळीनंतर

शेवटचा माणूस अंघोळ करून बाहेर येतो तेव्हा टाकीत नुकतंच गार पाणी भरलेलं असतं. बटण चालू राहिलं तर गिझर आपलं काम इमानेइतबारे करतो : १५ लिटर पाणी २० वरून पुन्हा ६० वर. त्याला लागतात ०.७ युनिट, म्हणजे जवळजवळ पावणेदोन बादल्यांची वीज. ते पाणी कुणासाठीच नसतं. ते दिवसभर निवत राहतं, आणि निवलं की थर्मोस्टॅट पुन्हा कॉइल चालू करतो. दुपारच्या रिकाम्या घरात मीटरवर अधूनमधून दिसणारे उंचवटे यातलेच असू शकतात.

त्यात सिंगल लिव्हरचा नळ असेल तर आणखी भर. दांडी मधोमध ठेवून कुणी हात धुतले की अर्धं पाणी गिझरकडून ओढलं जातं. ते गरम होऊन नळापर्यंत पोचायच्या आत हात धुऊन झालेले असतात. गरम पाणी पाइपात अडकून निवतं, टाकीत तेवढंच गार पाणी शिरतं. गिझर चालू असेल तर दांडी पूर्ण गारकडे ठेवायची सवय लावा.

म्हणजे टायमरचं खरं काम गिझर वेळेवर बंद करणं हे आहे, तेही शेवटची अंघोळ सुरू व्हायच्या आधी.

चौघांच्या घराची वेळ कशी बसवायची?

जुळे सोलापुरातला एक साधा फ्लॅट घेऊ. गिझर १५ लिटरचा, कॉइल २ किलोवॅटची, थर्मोस्टॅट ६० वर. अंघोळी सहा, सव्वासहा, साडेसहा आणि पावणेसात अशा चार, बादल्या १८ लिटरच्या.

थंड टाकी ६० अंशांवर यायला ०.७ युनिट, म्हणजे २ किलोवॅटच्या कॉइलला २१ मिनिटं. व्होल्टेज कमी असेल तर जास्त वेळ लागतो. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर तेच काम २८ मिनिटांना जातं. युनिटं तेवढीच, फक्त वेळ वाढतो. म्हणून टायमर साडेपाचला चालू होऊ द्या.

सहाला पहिल्या बादलीने ०.४२ युनिटांची उष्णता काढून नेली. पंधरा मिनिटांत कॉइल ०.५ युनिट भरू शकते, त्यामुळे सव्वासहापर्यंत टाकी पुन्हा पूर्ण तापलेली. साडेसहालाही तेच. तिसरी बादली भरून झाली की टाकीत ०.२८ युनिटांची उष्णता उरते. चौथ्या बादलीला ०.४२ लागते, म्हणजे साडेसहाला बंद केलं तर शेवटच्या माणसाला पाणी कोमट मिळणार आणि दुसऱ्या दिवशी टायमर काढून ठेवला जाणार. म्हणून बंद व्हायची वेळ पावणेसात. चौथी बादली भरायला घेतानाच वीज बंद, टाकीतल्या तयार पाण्यावर अंघोळ, आणि मागे उरतं ते कोमट पाणी, ०.२८ युनिटांचं.

या उरलेल्या कोमट पाण्यातूनही उद्या पहाटेपर्यंत साधारण निम्मी उष्णता जाईल, म्हणजे ०.१५ युनिट. बाकीची उद्याच्या पहिल्या बादलीच्या कामी येईल. दिवसभर चालू ठेवल्यावर ०.५३ जात होते, आता ०.१५. रोजचे ०.३८ वाचले, महिन्याला ११ ते १२ युनिट, एकशेपंधरा रुपयांच्या आसपास. जुन्या २५ लिटरच्या गिझरवर हीच पद्धत लावली तर महिन्याला २० युनिट तरी वाचावेत, आणि बटण ७५ वर असेल तर त्याहून जास्त.

निम्मं बिल वाचेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चौघांच्या अंघोळीला थंडीत महिन्याला ५० युनिट लागणारच. आणि जो माणूस आजही शेवटची बादली भरताना आठवणीने बटण बंद करतो, त्याला टायमरने जवळपास काहीच मिळणार नाही. टायमर विसराळू घरासाठी आहे.

थर्मोस्टॅट : आधी मोजा, मग फिरवा

थर्मोस्टॅट म्हणजे ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा आणि पाणी काही अंश निवलं की पुन्हा चालू करणारा स्विच. बऱ्याच गिझरना त्याचं गोल बटण खालच्या बाजूला असतं. त्यावर अंश लिहिलेले नसतात, नुसते एक ते पाच आकडे किंवा कमी-जास्तच्या खुणा असतात. बसवणारा माणूस जाताना ते शेवटपर्यंत फिरवून जातो, कारण पाणी कमी गरम आलं अशी तक्रार नको असते. पुढे वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावत नाही.

बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, पाणी मोजा. १०० अंशांपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा थर्मामीटर लागेल. तापाचा चालणार नाही, तो ४२-४३ च्या पुढे जात नाही. सकाळी गिझर चालू करा आणि तापत असल्याचा दिवा विझेपर्यंत थांबा. काही गिझरना दोन दिवे असतात, त्यातला वीज असल्याचा दिवा विझत नाही हे ध्यानात ठेवा. मग फक्त गरम नळ उघडा, पाइपातलं पहिलं लिटरभर पाणी बादलीत जाऊ द्या आणि पुढचं स्टीलच्या मगमध्ये घेऊन त्यात थर्मामीटर धरा. ६५ च्या वर आकडा दिसला तर बटण एक खूण मागे घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा. दोन-तीन दिवसांत ५५ ते ६० च्या मध्ये आणून सोडा.

बटण बाहेर नसेल तर थर्मोस्टॅट खालच्या झाकणाच्या आत असतो आणि स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा असतो. तिथे उघड्या तारा असतात. हे काम एमसीबी पाडून इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

खाली आणायचं तर किती, हे टाकीच्या आकारावर ठरतं. १५ लिटरच्या गिझरवर ५० अंश ठेवले तर एका बादलीतच १२ लिटर गरम पाणी जातं आणि पाठोपाठच्या अंघोळींना टाकी पुरत नाही. २५ लिटरच्या गिझरवर तेच ५० अंश आरामात चालतात. म्हणजे लहान टाकी जरा जास्त गरम आणि टायमरने वेळेत बंद. मोठी टाकी कमी गरम, तीही वेळेत बंद.

७५ वरून खाली यायला विजेपेक्षा मोठं कारण आहे ते भाजण्याचं. ६० अंशांचं पाणी थेट अंगावर पडलं तर काही सेकंदांत कातडी भाजते, आणि लहान मुलांची त्याहून लवकर. घरात छोटं मूल असेल तर बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम, हा क्रम कुणीही चुकवू नये.

टायमर घेताना अँपिअर बघा

२ किलोवॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर ओढतो, ३ किलोवॅटचा १३. म्हणून टायमर १६ अँपिअरचाच हवा. सजावटीच्या दिव्यांसाठी मिळणारा ६ किंवा १० अँपिअरचा प्लग गिझरला लावला तर पहिल्या आठवड्यात काही होणार नाही, आणि मग एक दिवस जळका वास येईल. लावल्यावर पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. किंचित कोमट ठीक. चटका बसत असेल तर सॉकेट सैल आहे किंवा टायमर कमी ताकदीचा आहे.

सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे फिरत्या चकतीचा. चकतीच्या कडेला ९६ छोट्या पट्ट्या असतात, प्रत्येक पट्टी पंधरा मिनिटांची. आपल्या उदाहरणात साडेपाच ते पावणेसात अशा पाच पट्ट्या दाबायच्या. बहुतेकांत दाबलेली पट्टी म्हणजे चालू, पण खोक्यावरचं चित्र बघून घ्या. याचा एकच मोठा दोष : वीज गेली की चकती थांबते. दोन तास वीज नव्हती तर चकती दोन तास मागे पडते, आणि दुसऱ्या दिवशी गिझर साडेपाचऐवजी साडेसातला सुरू होतो. वादळी पावसाच्या दिवसांत हे होणारच. सकाळी पाणी गार आलं की आधी चकतीवरची वेळ घड्याळाशी ताडून बघा, मेकॅनिकला नंतर बोलवा.

डिजिटल टायमरमध्ये छोटी बॅटरी असते, त्यामुळे वीज गेली तरी वेळ चुकत नाही, आणि रविवारची वेळ वेगळी ठेवता येते. मोबाइलवर चालणारा स्मार्ट प्लग घेतलात तर एक सेटिंग आवर्जून बघा : वीज परत आल्यावर प्लगने बंदच राहावं, असं ते ठेवा. नाहीतर दुपारी वीज जाऊन आली की गिझर आपोआप सुरू होतो आणि पुढच्या पहाटेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

ज्या घरात अंघोळीच्या वेळा ठरलेल्या नाहीत, कुणी शिफ्टवर, कुणी कॉलेजला, तिथे ठरल्या वेळेचा टायमर भांडणं लावतो. तिथे उलटमोजणीचा टायमर बरा. बटण दाबलं की अर्धा तास गिझर चालू, मग आपोआप बंद.

कित्येक घरांत गिझर सॉकेटवर नसून थेट २० अँपिअरच्या मोठ्या स्विचला जोडलेला असतो. तिथे प्लगचा टायमर लागतच नाही. इलेक्ट्रिशियनला सांगून बोर्डात एमसीबीशेजारी बसणारा टायमर लावून घ्या. कोणताही टायमर बाथरूमच्या आत नको, आणि अर्थिंग व विजेची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी या दोन गोष्टी टायमर आला म्हणून वगळायच्या नसतात.

‘सारखं चालू-बंद केल्याने जास्त वीज खातो ना?’

नाही. ही समजूत कुठून आली ते कळतं : थंड गिझर सुरू केला की मीटर जोरात पळताना दिसतं, तापलेला गिझर मात्र शांत असतो. पण गळक्या बादलीचा नियम आठवा. बंद ठेवलेल्या गिझरमधलं पाणी जसजसं निवतं, तसतशी गळतीही कमी होत जाते. पहाटे ते पुन्हा तापवायला तेवढीच वीज लागते, जेवढी उष्णता मधल्या काळात गळाली. चालू ठेवलं असतं तर पाणी पूर्ण वेळ गरम राहून गळती पूर्ण वेळ जोरात झाली असती. बंद ठेवण्यात वीज जास्त जाईल अशी परिस्थिती येतच नाही. कॉइलला सुरू होताना मोटारीसारखा वेगळा झटकाही लागत नाही.

‘पाणी कमी गरम ठेवलं तर जंतू होत नाहीत का?’

हा आक्षेप खरा आहे. साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांमध्ये, लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात आणि पाण्याच्या तुषारांवाटे फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करू शकतात. ६० अंशांवर ते मरतात. रोज चार बादल्या निघणाऱ्या छोट्या टाकीत पाणी साचून राहत नाही, त्यामुळे धोका कमी असतो. तरी ५० वर चालवत असाल तर आठवड्यातून एकदा ६० वर नेऊन तासभर ठेवा. गावाला जाऊन आठ-दहा दिवसांनी परत आलात तर आधी ६० वर तापवा, मग वापरा. घरात म्हातारं माणूस, दमेकरी किंवा कॅन्सरचे उपचार चालू असलेलं कुणी असेल तर बटण ६० वरच राहू द्या आणि बचत टायमरवर सोपवा.

‘दिवसा वीज स्वस्त आहे, मग दुपारीच तापवून ठेवलं तर?’

स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर सवलत आहे, युनिटमागे रुपयाच्या आतबाहेर. दुपारी चारला टाकी ६० वर तापवली तर ०.७ युनिटांवर सत्तर पैसे वाचतील. पण पहाटे साडेपाचपर्यंत साडेतेरा तासांत चांगल्या गिझरमधूनही पाव युनिट गळेल, म्हणजे अडीच रुपये गेले. जुन्या गिझरमधून त्याहून जास्त. अंघोळच नऊनंतर करत असाल तर गोष्ट वेगळी. तेव्हा टायमर नऊला सुरू करा.

बोअरचं पाणी आणि पांढरे थर

महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे सोलापुरात अनेक सोसायट्यांत बोअरचं पाणी मिसळलं जातं. ते जड असतं आणि तापलं की त्यातले क्षार कॉइलवर पांढऱ्या पापुद्र्यासारखे बसतात. पाणी जितकं जास्त गरम, तितके ते लवकर बसतात. बटण ७५ वरून ५५-६० वर आणल्याचा खरा फायदा अशा घरांत कॉइलला होतो.

‘थर बसला की वीज दुप्पट जाते’ असं सर्व्हिसवाले सांगतात ते मात्र बरोबर नाही. उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. होतं असं की थराखाली कॉइल प्रमाणाबाहेर तापते आणि जळते, आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर थर चढला की त्याला पाण्याचं तापमान उशिरा कळतं. मग पाणी कधी उकळल्यासारखं येतं, नळातून फुसफुस वाफ येते, सुरक्षेचा व्हॉल्व्ह टपकत राहतो. असं दिसलं तर एमसीबी पाडा आणि गिझर वापरू नका. थर्मोस्टॅट चिकटलेला असू शकतो, आणि अशा वेळी टायमर संरक्षण देत नाही. तो फक्त वेळ बघतो, तापमान नाही. तापताना खडखड आवाज येत असेल तर थर साठलाय, काढून घ्यायची वेळ झाली.

गच्चीवर सोलर असेल तर

सोलर हीटरच्या टाकीत ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल असते आणि बरेच जण तिचं बटण वर्षभर चालू ठेवतात. मग संध्याकाळी अंघोळी झाल्या की रात्रीच कॉइल टाकी विजेवर तापवते, आणि सकाळी ऊन येतं तेव्हा तापवायला काही उरलेलंच नसतं. या कॉइलला टायमर लावून ती फक्त पहाटेच्या अंघोळीआधी तासभर चालू राहील असं ठेवा, आणि तिचा थर्मोस्टॅट ४५-५० वर आणा, म्हणजे उन्हाने पाणी त्याच्या वर ठेवलं असेल तर ती सुरूच होणार नाही. सोलरची टाकी शंभर-दोनशे लिटरची असते, त्यामुळे तासाभरात ती पूर्ण तापणार नाही. पण गरम पाणी वर राहतं आणि कॉइल वरच्या भागात असेल तर दोन-तीन बादल्यांपुरतं पाणी मिळतं. कॉइल तळाशी असेल तर ढगाळ दिवशी दोन तास द्यावे लागतील. मार्चपासून ते थेट पावसाळ्यापर्यंत तिचा एमसीबीच खाली पाडून ठेवला तरी चालतो. सोलापूरच्या एप्रिलात गच्चीवरच्या साध्या टाकीतलं पाणीसुद्धा दुपारी हाताला चटका देतं.